मराठी वाचणारा यंत्राचा आवाज: पाचपैकी किती गुण?

लिहिलेला मजकूर बोलून दाखवणारे मराठी आवाज आता बरेच मिळतात. त्यातला कोणता जास्त नैसर्गिक, हे मोजायची पद्धत मात्र जुनी आणि साधी आहे. माणसांना बसवायचं, आवाज ऐकवायचा आणि १ ते ५ गुण द्यायला सांगायचं. गुणांच्या सरासरीला ‘एमओएस’ म्हणतात. मुळात टेलिफोनच्या आवाजाची प्रत तपासण्यासाठी वापरात असलेली ही पट्टी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९६ च्या पी.८०० या शिफारशीत नोंदलेली आहे. डझनभर माणसं, हेडफोन आणि छापील पत्रकं एवढ्यावर ती घरी किंवा कॉलेजातही घेता येते. मेख आहे ती काय ऐकवायचं आणि काय विचारायचं यात.

सगळ्यात जास्त वेळ वाक्यं निवडण्यात जायला हवा. ‘आज हवामान छान आहे’ हे वाक्य कुठलाही बरा आवाज गोड वाचतो, त्यातून काही कळत नाही. मराठीत आवाज उघडे पडतात ते ठरावीक जागी. ‘माझा चमचा तुझ्या ताटात कसा गेला?’ हे वाक्य घ्या. ‘माझा’मधला झ दातांजवळचा, ‘तुझ्या’मधला टाळूजवळचा. ‘चमचा’मध्ये तर पहिला च एक आणि दुसरा दुसराच. लिपीत या उच्चारांसाठी वेगळी खूण नाही, त्यामुळे यंत्राला ते नियमांतून, कोशातून किंवा ऐकलेल्या नमुन्यांतून शिकावे लागतात. हिंदीच्या वळणावर गेलेला आवाज इथेच पकडता येतो. ‘विज्ञान’ला तो ‘विग्यान’ म्हणतो, आपण ‘विद्न्यान’ म्हणतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकाच वाक्यात घातले तर दोन्ही सारखेच ऐकू येतात का, तेही कळतं. ‘सिंह’ आणि ‘संयम’ यांतले अनुस्वार ‘न्’सारखे वाजले की कान टवकारतात. एक वाक्य आकड्यांचं हवं: ‘४९ रुपयांचं तिकीट घेऊन सकाळी ६.४५ च्या गाडीने निघालो.’ ‘एकोणपन्नास’ आणि ‘पावणेसात’ आलं की ठीक, ‘सहा दशांश चार पाच’ आलं की संपलंच. आणि सुरावटीसाठी एक जोडी: ‘तू उद्या सकाळच्या गाडीने पुण्याहून येणार.’ हेच वाक्य प्रश्नचिन्हासह. शब्द तेच, फरक फक्त शेवटच्या चढ-उताराचा.

सगळीच वाक्यं अशी अवघड ठेवली तर मात्र परीक्षा अन्यायाची होते. १२ वाक्यं असतील तर निम्मी साधी, रोजच्या बोलण्यातली असावीत.

आता आवाज. समजा अ आणि ब या दोन नव्या आवाजांची तुलना करायची आहे. त्यांच्यासोबत दोन टोकं ठेवायची. वरच्या टोकाला एखाद्या माणसाने शांत खोलीत वाचलेली तीच वाक्यं, खालच्या टोकाला ईस्पीक एनजीसारखा जुन्या पद्धतीचा यांत्रिक आवाज. ही टोकं नसतील तर मिळालेल्या ३.८ ला काही अर्थ नसतो, कारण लोक गुण देतात ते त्या दिवशी ऐकलेल्या इतर आवाजांच्या तुलनेत. सोबत भिकार आवाज असले की मधला आवाज वर जातो. म्हणूनच एका चाचणीतले ४.१ आणि दुसरीतले ३.९ शेजारी मांडून निकाल देणं चूक आहे, जाहिरातींत ते कितीही दिसो. माणसाच्या आवाजालाही क्वचितच पूर्ण ५ मिळतात, हेही लक्षात ठेवावं.

माणसाचा आवाज सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या दराने ध्वनिमुद्रित केलेला आणि यंत्राचा २२ हजारांचा, असं झालं तर ऐकणारा नैसर्गिकपणाला नव्हे, खणखणीतपणाला गुण देतो. जरा मोठ्याने वाजणारी फाइलही उगाच जास्त गुण खाते. म्हणून ffmpeg या ध्वनिफाइली बदलणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या फाइली एका दराला आणि एका पातळीला आणायच्या:

```
ffmpeg -i in.wav -af loudnorm=I=-23 -ar 22050 -ac 1 k07.wav
```

वाक्य फार छोटं असेल तर पातळीचा हा हिशेब नीट बसत नाही, चार-पाच सेकंदांचं असलेलं बरं. आणि फाइलच्या नावावरून आवाज ओळखू येता कामा नये.

एकाच माणसाला एकच वाक्य चार आवाजांत ऐकवलं तर चौथ्या वेळेला त्याला ते पाठ झालेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे चार पत्रकं. पहिल्या पत्रकात पहिलं वाक्य माणसाच्या आवाजात, दुसरं अ च्या, तिसरं ब च्या, चौथं यांत्रिक. दुसऱ्या पत्रकात हे सगळं एक घर सरकवायचं. १२ श्रोते असतील तर प्रत्येक पत्रक तिघांना. प्रत्येकजण प्रत्येक वाक्य एकदाच ऐकतो, आणि प्रत्येक आवाजाला ३६ गुण मिळतात. ऐकवण्याचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवावा, आणि सुरुवातीला तीन-चार नमुने सरावासाठी द्यावेत. त्यांचे गुण धरायचे नाहीत.

पत्रकावर दर नमुन्यापुढे तीन रकाने. पहिला: ऐकायला किती माणसासारखा वाटला, १ (पूर्ण यांत्रिक) ते ५ (अगदी माणसासारखा). दुसरा: वाचन बरोबर होतं का, हो किंवा नाही. हा वेगळा ठेवायलाच हवा, कारण आजचे आवाज चुकीचा उच्चारही इतक्या सफाईने करतात की गुण कमी होत नाहीत. यासाठी वाक्य छापून दाखवायचं, पण पहिला रकाना भरून झाल्यावर. डोळ्यांसमोर मजकूर असला की पुसट उच्चारही स्पष्ट वाटतो. तिसरा रकाना ‘कुठे खटकलं’. माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच. सात जणांनी ‘चमचा’ लिहिलं की कुठे दुरुस्ती करायची ते कळतं, ३.५ वरून कळत नाही. श्रोता कुठे वाढला, हेही वर लिहून घ्यावं. नागपूरच्या, पुण्याच्या आणि सिंधुदुर्गातल्या कानांना एकच हेल सारखाच परका वाटेल असं नाही.

समजा निकाल असा आला: माणूस ४.६, अ ३.८, ब ३.५, यांत्रिक १.८. अ जिंकला? गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीभोवती किती विखुरलेत याचं माप, ०.९ असेल तर ३६ गुणांच्या सरासरीतली अनिश्चितता ०.९ भागिले ६, म्हणजे ०.१५, आणि ९५ टक्के खात्रीसाठी त्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे ०.३. दोन सरासऱ्यांतला फरक पाहताना ती आणखी वाढून ०.४ च्या पुढे जाते. त्यामुळे ०.३ च्या फरकावर पैज लावू नये. त्यातही हे ३६ गुण एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, बारा जणांनीच ते दिलेले आहेत.

याहून चांगलं म्हणजे प्रत्येक श्रोत्याचा हिशेब वेगळा करायचा. कंजूस श्रोता दोन्ही आवाजांना कमी गुण देतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या अ आणि ब मधल्या फरकात हा कंजूसपणा उरत नाही. बारापैकी दहा जणांच्या पत्रकात अ वर असेल तर ते योगायोगाने होणं अवघड. नाणं बारा वेळा उडवल्यावर एकाच बाजूला दहा किंवा जास्त वेळा पडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. सातच जणांच्या पत्रकात वर असेल तर दोन्ही आवाज सारखेच धरावेत, किंवा श्रोते वाढवावेत.

नैसर्गिक म्हणजे उपयोगी असंही नाही. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीए या प्रणालीत तोच ईस्पीक एनजी असतो, आणि वेग भरपूर वाढवला तरी स्पष्ट राहतो म्हणून अनेक अंध वापरकर्ते तो पसंत करतात. आपल्या चाचणीत तो तळाला जाणार. शिवाय ही परीक्षा सुट्या वाक्यांची आहे. गोष्ट वाचून दाखवायला आवाज हवा असेल तर निदान एक आख्खा परिच्छेद ऐकवावा लागतो, कारण दर वाक्य त्याच चालीत सुरू होऊन त्याच चालीत संपतं हे तिथेच लक्षात येतं, आणि सुट्या वाक्यांत चार मिळवणारा आवाज तिथे तीनवर येऊ शकतो.