खपली धरू द्यावी की नाही? जखम भरण्याचे टप्पे आणि ड्रेसिंगची निवड यांची पार्श्वभूमी

‘जखम कोरडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरली की बरी होईल.’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि वॉर्डातही अधूनमधून कानावर पडतो. आपल्या पाठ्यपुस्तकात मात्र जखमेचा तळ ओलसर ठेवावा असं लिहिलेलं असतं. दोन्ही सल्ले आपापल्या काळी शास्त्रीय होते. पहिल्यावरून आपण दुसऱ्यावर कसे आलो हे कळलं, की फोम, अल्जिनेट, हायड्रोकोलॉइड या ड्रेसिंगच्या प्रकारांची यादी वेगळी पाठ करावी लागत नाही.

कोरडेपणा आला कुठून

एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेनंतर पेशंट जंतुसंसर्गाने दगावत. ग्लासगोत काम करणाऱ्या जोसेफ लिस्टर यांनी 1865 मध्ये उघड्या फ्रॅक्चरच्या जखमेवर कार्बोलिक अॅसिड वापरलं आणि 1867 मध्ये आपले अनुभव छापले. तेव्हापासून ड्रेसिंगचं पहिलं काम जंतू रोखणं हे ठरलं. 1880 मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन सॅम्पसन गॅमजी यांनी स्राव शोषणारा कापूस गॉजमध्ये गुंडाळून पॅड तयार केलं. वॉर्डात आपण ‘गॅमजी आण’ म्हणतो ते या माणसाचं आडनाव. पहिल्या महायुद्धात चिखलाने माखलेल्या जखमा हायपोक्लोराइटच्या द्रावणांनी धुतल्या जाऊ लागल्या. 1915 मध्ये एडिंबरात तयार झालेलं युसॉल त्यातलंच. ते जंतू मारतं, पण नव्या ऊतीच्या पेशींनाही इजा करतं. म्हणून आज ते नेहमीच्या ड्रेसिंगसाठी वापरत नाहीत.

ओलं ड्रेसिंग धोक्याचं, या समजुतीला ठोस आधारही होता. पॅड आरपार भिजलं की बाहेरचे जंतू त्या ओलाव्यातून आत शिरतात, हे कोलब्रुक आणि हूड यांनी 1948 मध्ये दाखवून दिलं. पॅडच्या बाहेरच्या बाजूला ओला डाग दिसला, तर बदलायची वेळ झाली नसली तरी ड्रेसिंग बदलायचं, हा नियम तिथून आला आणि तो आजही तसाच लागू आहे. गफलत पुढच्या पायरीवर झाली. बाहेरून भिजलेलं पॅड वाईट, म्हणून आतला तळही सुकवायला हवा, असं गृहीत धरलं गेलं.

1962: डुकराच्या पाठीवरचा प्रयोग

जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवून त्यांच्यावर खपली धरू दिली आणि काहींवर पॉलिथीनचा पातळ पडदा लावला. त्यांचे निष्कर्ष 1962 मध्ये ‘नेचर’मध्ये आले. पडद्याखालच्या जखमांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने पसरली होती. पुढच्याच वर्षी हिनमन आणि मायबाक यांनी माणसांवरही तसंच घडतं हे दाखवलं.

कारण समजून घ्या, तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारतात. जखम सुकली की खपलीसोबत तिच्याखालचा त्वचेचा थरही वाळतो. कडेकडून सरकणाऱ्या त्वचेच्या पेशींना ओलावा लागतो, त्यामुळे वाळलेला थर टाळून त्यांना खोल उतरावं लागतं आणि वाटेतलं कोलॅजन विरघळवत पुढे जावं लागतं. पृष्ठभाग ओलसर असेल तर त्या वरूनच सरळ सरकतात.

झाकलेल्या जखमेत जंतू वाढतील ही भीती मात्र बराच काळ टिकून होती. 1990 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा साध्या ड्रेसिंगखाली संसर्गाचं प्रमाण 7.1 टक्के आणि बंदिस्त ड्रेसिंगखाली 2.6 टक्के निघालं.

मुंबईतही याच विचारावर काम झालं. वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी 1980च्या दशकात भाजलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं. सायनच्या रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांच्या केळीच्या पानाच्या ड्रेसिंगवरचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही पदार्थ ओल धरतात आणि जखमेला चिकटत नाहीत. ही ड्रेसिंगं निर्जंतुक करून वापरली होती, हे मात्र विसरू नका. नाहीतर कुणी परसातलं पान तोडून थेट भाजलेल्या हातावर ठेवायचं.

टप्पे कशासाठी पाठ करायचे

रक्त थांबणं, दाह, नवी ऊती भरणं आणि पक्वता असे चार टप्पे. त्यांच्या सीमा एकमेकांत मिसळतात. एकाच जखमेत कडेला नवी त्वचा चढत असते, तेव्हा मध्यभागी दाह चालू असू शकतो.

रक्त थांबायला काही मिनिटं पुरतात. दाहाचा टप्पा साधारण तीन-चार दिवसांचा. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रकारच्या. यांतलं जास्त महत्त्वाचं कोण, याचं उत्तर 1970च्या दशकातल्या गिनीपिगवरच्या प्रयोगांनी दिलं. न्यूट्रोफिल कमी केले तरी जंतुसंसर्ग नसलेली जखम भरली, मॅक्रोफेज कमी केले तेव्हा सफाई आणि नवी ऊती दोन्ही रखडली. मॅक्रोफेज मेलेली ऊती गिळतात आणि पुढच्या पेशींना कामाला लावणारे रासायनिक संदेशही सोडतात. स्टेरॉइड घेणाऱ्या किंवा साखर ताब्यात नसलेल्या पेशंटची जखम याच टप्प्यावर अडकते.

साधारण चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवी ऊती भरते. मांसासारखी लाल, दाणेदार, ओलसर, सहज रक्त येणारी अशी ती दिसते. त्यानंतर पक्वता येते आणि ती वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालते. पहिल्या आठवड्याअखेर व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे 3 टक्के असते, तीन आठवड्यांनी सुमारे 30 टक्के, आणि तीन महिन्यांनी जास्तीत जास्त 80 टक्के. शंभर टक्के ती कधीच होत नाही. प्रेशर अल्सर म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून झालेली जखम, ती बंद झाल्यावरही त्याच जागी पुन्हा उघडते त्यामागचं हे एक कारण.

एक जखम, दोन ड्रेसिंगं

समजा, मांडीच्या खुब्याचं फ्रॅक्चर होऊन बरेच दिवस पाठीवर पडून असलेल्या 68 वर्षांच्या आजी आहेत. माकडहाडावर प्रेशर अल्सर आहे. लांबी 6 सेंमी, रुंदी 5, खोली 1.5. जखम घड्याळाची तबकडी मानून पेशंटच्या डोक्याकडे बारा धरले, तर दोनच्या दिशेने कडेखाली 2 सेंमी पोकळी जाते. तळाचा सुमारे 70 टक्के भाग मेलेल्या ऊतीच्या चिकट पिवळ्या थराने, म्हणजे स्लफने झाकलेला, उरलेला लाल. हाड किंवा स्नायू दिसत नाही, म्हणजे प्रेशर अल्सरची तिसरी पायरी. सकाळी लावलेलं पॅड संध्याकाळी भिजतं.

ही जखम दाहात अडकली आहे आणि स्राव भरपूर आहे. बऱ्याच ठिकाणी इथे सलाइनचं ओलं गॉज भरतात, ते वाळलं की ओढून काढतात. स्लफ निघतो हे खरं, पण त्याबरोबर लाल ऊतीही उपटली जाते आणि आजी कळवळतात. मेलेली ऊती काढणं म्हणजे डिब्राइडमेंट; ही पद्धत परीक्षेत ‘निवडक नसलेलं डिब्राइडमेंट’ म्हणून लिहा आणि वॉर्डात जमेल तिथे टाळा.

त्याऐवजी सलाइनने धुऊन अल्जिनेटची दोरी भरावी. समुद्री शेवाळापासून केलेलं अल्जिनेट त्यातल्या कॅल्शियमच्या बदल्यात स्रावातलं सोडियम घेतं आणि त्याची जेल होते. त्या ओलीत शरीराचीच एन्झाइम स्लफ सैल करतात. दोरी कोरडीच भरायची आणि पोकळीत सैल सोडायची. ठासून भरली तर तळातल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. किती तुकडे आत घातले ते कागदावर लिहायचं, म्हणजे आत एखादा राहून जात नाही. वर कडेपलीकडे 2-3 सेंमी जाईल एवढं फोम. सुरुवातीला रोज बदलायचं, स्राव ओसरला की एक दिवसाआड. दर दोन तासांनी कूस बदलली नाही, तर यातलं काहीही उपयोगी पडणार नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत जखम मोठी झाल्यासारखी वाटू शकते, कारण स्लफ निघाल्यावर खरा तळ उघडा पडतो. नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवावं. लांबी-रुंदीबरोबर तळाच्या रंगाची टक्केवारीही लिहिली असेल, तर स्लफ 70 वरून 20 टक्क्यांवर आला ही प्रगती कागदावर दिसते.

पाचव्या आठवड्यात तळ पूर्ण लाल झाला, खोली 0.4 सेंमीवर आली, पोकळी बुजली. आता अल्जिनेट काढताना कोरडं निघतं आणि तळाला चिकटतं. ड्रेसिंगचा प्रकार बदलायची वेळ आल्याची खूण हीच. स्राव कमी असेल तर अल्जिनेट जखमेची हवी ती ओलही शोषून घेतं. इथे ओल धरून ठेवणारं, चिकटणारं हायड्रोकोलॉइड बरं. ते हातात धरून थोडं कोमट करा म्हणजे नीट बसतं. तीन ते पाच दिवस राहू द्या, मात्र कड सुटली किंवा शौच आत गेलं तर लगेच बदला. काढल्यावर पिवळट, वास येणारी जेल दिसेल. तो पू नव्हे. आधी जखम धुवा, मग वास आणि रंग पाहा. धुतल्यावरही दुर्गंधी राहिली, भोवतालची लाली पसरत गेली, ऊब, सूज, ताप किंवा अचानक वाढलेलं दुखणं असलं, तर संसर्ग समजून डॉक्टरांना कळवा. अशा जखमेवर बंदिस्त हायड्रोकोलॉइड लावू नका.

कडेची त्वचा पांढरी पडून सुरकुतली असेल, तर ओल जास्त झाली. कपडे धुतल्यावर बोटं होतात तशी ती दिसते. तेव्हा जास्त शोषणारं ड्रेसिंग लावा किंवा लवकर बदला. रेंगाळलेल्या जखमेच्या स्रावात प्रथिनं तोडणारी एन्झाइम भरपूर असतात. तो साचून राहिला तर नव्या ऊतीलाच खातो. विंटर यांनी ताज्या, स्वच्छ, उथळ जखमा तपासल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष जुन्या जखमेला लावताना एवढं भान हवं.

ओलाव्याचा नियम कुठे थांबतो

टाचेवर काळं, कडक, कोरडं, कडेने घट्ट बसलेलं कवच असेल, तर हायड्रोजेल हे ओल देणारं ड्रेसिंग लावून ते भिजवू नका. आधी पायाची नाडी पाहा. रक्तपुरवठा तुटपुंजा असेल तर कवचाखाली उघडी पडलेली जखम भरायला पेशीही नसतात आणि ऑक्सिजनही नसतो. ओल्या मेलेल्या ऊतीत जंतू वेगाने वाढतात आणि कोरडं गँगरीन ओलं होतं. अशी टाच कोरडी ठेवायची, वर साधं कोरडं गॉज, टाच गादीवरून उचलून धरायची आणि रोज पाहायची. कवच मऊ लागलं, कडेने सुटलं, खालून स्राव आला किंवा भोवती लाली दिसली, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवायचं.