नागपूरच्या पेशीला निघण्याआधी
(टायपिंग, झेरॉक्स व ऑनलाइन सेवा, उमरेड : आमच्या ग्राहकांसाठी)

पेशीच्या आदल्या दिवशी दुकानात सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच : "भाऊ, कोणत्या कोर्टात जायचं ते काढून द्या ना." आणि पुढे येते ती घडी पडून फाटलेली जुनी चिठ्ठी. गडबड तिथेच होते.

समजा, धुऱ्याचा दावा उमरेडच्या दिवाणी न्यायालयात होता. निकाल लागला, समोरच्यानं अपील केलं. पहिलं अपील नागपूरच्या जिल्हा न्यायालयात चालतं आणि त्याला नवा सीएनआर नंबर मिळतो. जुना नंबर टाकला की स्क्रीनवर Case Disposed येतं आणि माणूस घाबरतो, "आमची केस बंद झाली का?" बंद झालेली नसते, नंबर उमरेडचा असतो. म्हणून वकीलसाहेबांकडून अपिलाचा सीएनआर लिहून आणा. अक्षरं-आकडे मिळून सोळा असतात, एकही कमी नको. नुसत्या नावावर शोधायला आम्ही नाही म्हणतो, त्याचा राग मानू नका. एकाच नावाचे अनेक पक्षकार निघतात.

त्या नंबरची पहिली दोन अक्षरं बघा. MH असेल तर जिल्हा न्यायालय. HC असेल, म्हणजे दुसरं अपील वगैरे, तर हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ. दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच, पण इमारती आणि गेट वेगळे. गणेशपेठ स्टँडवर उतरून ऑटोवाल्याला नुसतं "कोर्टात सोडा" म्हणू नका, "जिल्हा न्यायालय" किंवा "हायकोर्ट" असं पूर्ण सांगा. चुकीच्या गेटवर उतरून, तिथली तपासणी उरकून परत फिरेपर्यंत अकरा वाजून जातात.

आत गेल्यावर दुसरा घोळ. स्क्रीनवर Court Number and Judge या ओळीत जो आकडा असतो तो खोलीचा किंवा मजल्याचा नंबर समजू नका. आकड्यासोबत लिहिलेलं न्यायाधीशांचं पद वाचा आणि दारावरच्या पाटीशी जुळवा. मग बाहेर लावलेल्या बोर्डावर आपली केस शोधा. बोर्डावर नाही दिसली तर बाहेर बसून राहू नका, शिपायाला विचारा. पुकारा झाला आणि आपण दुसऱ्याच दारापुढे असलो, तर अपील करणाऱ्याचं अपील गैरहजेरीत काढलं जाऊ शकतं आणि समोरच्याविरुद्ध एकतर्फी काम चालू शकतं.

आम्ही दहा रुपयांत मोठ्या अक्षरांत पेशी-चिठ्ठी काढून देतो : सीएनआर, तारीख, न्यायाधीशांचं पद आणि ऑटोवाल्याला दाखवायला इमारतीचं नाव. घरी मोबाईल असेल तर ई-कोर्ट्सच्या अॅपवर हे फुकटात दिसतं. आमच्याकडे पैसे कागदाचे आणि डोळ्यांच्या मेहनतीचे.

आधार कार्ड सोबत ठेवा. गेटवर ओळखपत्र विचारलं तर उपयोगी, आणि ज्येष्ठांना एष्टीच्या सवलतीसाठीही लागतं.

चिठ्ठी पेशीच्या आदल्या संध्याकाळी काढलेली बरी, तारीख बदललेली असू शकते. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा सोमवारची पेशी असणाऱ्यांनी शनिवारीच यावं.