वादी, प्रतिवादी आणि त्यांचे जुने अवतार

मराठी दाव्याच्या मसुद्यात पहिल्या परिच्छेदात ‘वादी’, चौथ्यात ‘अर्जदार’, नवव्यात ‘फिर्यादी’ आणि विनंतीत पुन्हा ‘वादी’ असा एकच माणूस चार वेळा कपडे बदलून येतो. ही केवळ घाईतली चूक नाही. प्रत्येक शब्दामागे वेगळी न्यायपद्धत आहे.

धर्मशास्त्रात जोडी होती अर्थी आणि प्रत्यर्थी. मराठेशाहीच्या महजरांत, म्हणजे निवाड्याच्या कागदांत, ती अग्रवादी आणि पश्चिमवादी झाली. अग्रवादी म्हणजे आधी गाऱ्हाणे मांडणारा, पश्चिमवादी म्हणजे मागून उत्तर देणारा. इथल्या ‘पश्चिम’चा दिशेशी संबंध नाही. वतनाच्या भांडणात दोघांकडून लेखी तकरीर, म्हणजे आपापली बाजू मांडणारे निवेदन, घेत, तेव्हा कोण आधी बोलला हे या नावांतच कळे. त्याच काळात फारसीतून मुद्दई, मुद्दालेह आणि फिर्यादी हेही आले.

इंग्रजी अमलात प्रक्रियेचे कायदे झाले. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता आजही लागू आहे. दिवाणी दाव्यात वादी-प्रतिवादी स्थिरावले, फिर्यादी फौजदारीकडे गेला, अर्जदार अर्जापुरता उरला. १९९८ साली महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवण्यात आली. मात्र जुन्या अर्जांतले परिच्छेद नव्या दाव्यात चिकटवण्याची सवय गेली नाही आणि गोंधळ बहुतेकदा तिथूनच शिरतो.

मराठीत आणखी एक अडचण आहे: ‘वादी’चे एकवचन आणि अनेकवचन सारखेच. ‘वादी यांनी रक्कम दिली’ यात एकाने दिली की तिघांनी, हे कळत नाही. म्हणून क्रमांक लागतो.

समजा, बहिणीने दोन भावांविरुद्ध वाटपाचा दावा केला. ती वादी, भाऊ प्रतिवादी क्र. १ व २. तात्पुरत्या मनाईसाठी तिने निशाणी ५ चा अर्ज दिला, तर त्याच्या शीर्षकात ‘अर्जदार (मूळ वादी)’ लिहावे आणि अर्जभर ‘वादी’च ठेवावे. पुढे क्र. २ वारला, तर त्याची पत्नी व मुलगा २अ आणि २ब होतात. इतरांचे क्रमांक हलवायचे नाहीत, नाहीतर आधीच्या जबानीतला ‘क्र. २’ भलताच माणूस ठरतो. क्र. १ ने प्रतिदावा केला, तर त्या मागणीपुरती बहीण उत्तर देणारी होते. तरी कैफियतीत तिला ‘प्रतिवादी’ म्हणू नये. प्रतिदाव्याची सुनावणी त्याच दाव्यात होते, म्हणून मूळ नावेच चालू राहतात. अपिलात मात्र जागा बदलतात: क्र. १ हरला आणि वरच्या न्यायालयात गेला, तर तो ‘अपिलदार (मूळ प्रतिवादी क्र. १)’.

मसुदा तपासताना मी प्रत्येक ‘अर्जदार’ आणि ‘फिर्यादी’ शोधून त्याखाली रेघ मारते. पोलिसांकडच्या तक्रारीचा उल्लेख असेल, तिथे ‘फिर्यादी’ खरा असतो; तोही ‘वादीने दिलेली फिर्याद’ असा लिहिला की वाचणारा अडखळत नाही.