पाय मोडायचा राहिला, गुण किती कापायचे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी पोरांसाठी मी टायपिंगचा एक खेळ बनवला. वरून शब्द घसरत येतो, खाली टेकायच्या आत तो टाइप करायचा. मांडणी इनस्क्रिप्टची: मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. पहिल्या यादीत कापूस, तूर असे सोपे शब्द होते. जोडाक्षरांच्या यादीत पहिलाच शब्द टाकला, वऱ्हाड.

क्ष, ज्ञ अशी मोजकी सोडली तर जोडाक्षराला स्वतंत्र बटण नसतं. आधी अक्षर, मग त्याचा पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर.

```
व  ऱ  ्  ह  ा  ड
b  J  d  u  e  [
```

मोठा J म्हणजे शिफ्ट दाबून j. शिफ्ट राहिली की साधा र येतो आणि ह च्या डोक्यावर रफार चढतो: वर्हाड. d राहिला तर ऱ पुरता उभा राहतो: वऱहाड. चूक कोणती, हे पडद्यावरच कळतं.

पण गुण? एका पोरीचा फक्त d सुटला आणि खेळाने ३३ टक्के दाखवले. ती म्हणाली, "दादा, एकच बटन चुकली, मंग तेहतीस काऊन?"

तिचं बरोबर होतं. मी जागेवर जागा ठेवून तुलना करत होतो. तिसऱ्या जागी पायमोड हवा तिथे ह आला, चौथ्या जागी ह ऐवजी काना, आणि सहावी जागा रिकामीच. सहापैकी दोनच जुळले. यावर उतारा म्हणजे लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ साली मांडलेलं अंतर: टाइप केलेला शब्द मूळ शब्दासारखा करायला किमान किती दुरुस्त्या लागतील? इथे एकच, पायमोड घालायचा. म्हणजे सहापैकी पाच, ८३ टक्के.

अक्षरगटांनी मोजलं तर व, ऱ्हा, ड या तीनपैकी दोन बरोबर, ६७ टक्के. गुणांसाठी हा आकडा मला कडक वाटतो, पण कोणता गट अडतो ते त्यातूनच दिसतं. म्हणून ऱ्हा चुकला की खेळ पुढे पऱ्हाटी, तुऱ्हाटी आणतो.

तुऱ्हाटीने मात्र मलाच गंडवलं. पोरं बिनचूक मारत, तरी ७८ टक्के. तो शब्द मी दुसरीकडून उचलून यादीत चिकटवला होता. दिसायला तोच, पण मोजल्यावर आठाऐवजी नऊ चिन्हं निघाली. त्यात ऱ नव्हताच. साधा र, पायमोड आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह होतं. युनिकोडमध्ये हा आडवा र असा दोन तऱ्हांनी लिहिता येतो. म्हणजे दुरुस्त्या दोन, नवापैकी सात बरोबर. आता तुलनेआधी दोन्ही शब्द या ओळीतून जातात:

```
s.replace(/र्\u200D/g, "ऱ्")
```