पंचस्वरी सप्तक (औडव स्वररचना)

एका सप्तकात पाचच स्वर घेऊन चाललेली स्वररचना. सप्तक या शब्दातच सात आहेत, त्यामुळे हे नाव थोडे विसंगत वाटते. पण मराठीत तेच रुळले आहे. हिंदुस्थानी संगीतात अशा रागाची जाती ‘औडव’. भूप, दुर्गा, मालकंस, धानी आणि मधमाद सारंग ही परिचित उदाहरणे. जगातील अनेक लोकसंगीतांत अशा चाली विपुल सापडतात आणि अनोळखी प्रदेशातली पंचस्वरी चालही आपल्या कानाला ओळखीची वाटते. ती तशी का वाटते, याबद्दल एकमत नाही.

‘औडव’ शब्दाची जुनी व्युत्पत्ती शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात (तेरावे शतक, देवगिरीच्या यादवांचा आश्रय) मिळते. उडू म्हणजे नक्षत्रे; ती जिथून जातात ते आकाश म्हणजे उडुव; आकाश हे पंचमहाभूतांपैकी पाचवे, म्हणून उडुव म्हणजे पाच. ही फोड मागाहून जुळवून आणल्यासारखी दिसते, कारण शब्द त्याआधी कितीतरी जुना आहे. नाट्यशास्त्रात सहा स्वरांच्या एकोणपन्नास आणि पाच स्वरांच्या पस्तीस अशा चौऱ्याऐंशी ताना सांगितल्या आहेत, म्हणजे पाच स्वरांचा वर्ग तेव्हाच पक्का झालेला होता. मतंगाच्या बृहद्देशीत (साधारणतः सहावे ते नववे शतक असा काळ मानतात) याहून महत्त्वाची गोष्ट आहे. चार किंवा त्याहून कमी स्वरांचे गाणे मार्गसंगीतात बसत नाही, ते शबर, पुलिंद, किरात इत्यादींकडे चालते, असे तो म्हणतो. शास्त्राने आपली खालची मर्यादा पाचावर आखली होती आणि त्याखालीही गाणे आहे याची त्याला जाणीव होती. ‘पाच स्वर म्हणजे मानवाचे आदिम संगीत’ असे जे अनेकदा लिहिले जाते, त्याला हे वाक्य पहिला आडकाठीचा दगड ठरावा.

सर्वांत जास्त पसरलेल्या पाच स्वरांच्या संचात दोन लगतच्या स्वरांमध्ये कुठेही अर्धस्वराचे, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून लगतच्या दोन पट्ट्यांएवढे, अंतर नसते. हा संच पाहायचा तर पेटीच्या काळ्या पट्ट्या पुरेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांत भजनी मंडळाचा पेटीवाला चहाला उठला की एखादे पोर भात्याजवळ सरकते आणि काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरवते. त्याला काही येत नसते, तरी जे वाजते ते चालीसारखे लागते. पांढऱ्या पट्ट्यांवर तसे होत नाही. त्याच पाच काळ्या पट्ट्यांत षड्ज कुठे मानला यावर राग बदलतो. काळी तीन सा धरली तर सा रे ग प ध असा भूप मिळतो. काळी चारवरून मधमाद सारंग, काळी पाचवरून मालकंस, काळी एकवरून दुर्गा आणि काळी दोनवरून धानी. जुन्या शास्त्रात याला मूर्च्छना म्हणत. कर्नाटक पद्धतीत हीच पाच रूपे अनुक्रमे मोहनम्, मध्यमावती, हिंदोलम्, शुद्ध सावेरी आणि शुद्ध धन्यासी या नावांनी ओळखली जातात. अर्थात स्वर तेच म्हणजे राग तोच, असे नव्हे. देसकाराचे पाच स्वर भूपाचेच आहेत. पण देसकार सकाळचा, धैवतावर थांबणारा, आणि भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधारावर विसावणारा.

पाचच का, याचे जुने उत्तर षड्ज-पंचम भावात आहे. सा २४० कंपनांचा धरला तर त्याच्या दीडपट, म्हणजे ३६०, हा पंचम. पंचमाचा पंचम ५४०. तो एक सप्तक खाली आणला की २७०, हा रिषभ. त्याचा पंचम ४०५, हा धैवत. धैवताचा पंचम खाली आणून ३०३.७५, हा गंधार. एवढ्यात भूप पूर्ण झाला. आता आणखी एक पायरी चढली तर ४५५.६ हा निषाद येतो आणि तो तारषड्जाला (४८०) चिकटून बसतो. पहिले अर्धस्वराचे अंतर इथे तयार होते. उलट दिशेने गेलो, म्हणजे सा ज्याचा पंचम आहे तो मध्यम (३२०) घेतला, तर तो गंधाराला चिकटतो. पंचमांची साखळी अर्धस्वर न येता जास्तीत जास्त पाच स्वरांपर्यंतच जाते. चीनमध्ये हाच हिशेब तारेच्या किंवा नळीच्या लांबीवर मांडलेला आहे. ‘ग्वानझी’ या ग्रंथात ८१ पासून सुरुवात करून एक तृतीयांश आळीपाळीने वाढवत-घटवत १०८, ७२, ९६, ६४ असे आकडे काढले आहेत. ग्रंथाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या काळांतले असल्याने या उताऱ्याला इसवी सनापूर्वीची शेवटची काही शतके एवढेच ढोबळ वय देता येते.

हा हिशेब देखणा आहे, पण लोकगीताचे कारण म्हणून तो कच्चा पडतो. साखळीतला गंधार ३०३.७५, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार ३०० (षड्जाच्या सव्वापट). कसलेला गवई भूपात या दुसऱ्या गंधारावर थांबतो, साखळीतल्या नव्हे. शिवाय जात्यावर बसलेली बाई तार ताणून पंचम मोजत नाही. तिच्याकडे फक्त गळा असतो.

दुसरे मत ध्वनिशास्त्राचे. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ साली स्वरांचा गोडवा त्यांच्या उपस्वरांच्या, म्हणजे मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांच्या, मेळावर बसवला. गिल आणि पर्व्हिस या संशोधकांनी २००९ साली असंख्य संभाव्य स्वरसंच गणिताने तपासून दाखवले, की जगात जास्त वापरले जाणारे पाच आणि सात स्वरांचे संच उपस्वरांच्या मालिकेशी, पर्यायाने मानवी आवाजाच्या घडणीशी, अधिक जुळतात. याला २०१६ साली एक अडचण पुढे आली: बोलिव्हियातील त्सिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरजोड्या सारख्याच आवडल्या. एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गोडवा जर जन्मजात नसेल, तर एकेरी सुरात गाणाऱ्यांच्या चालीचे कारण त्यावर ठेवणे अवघड.

प्रस्तुत नोंदलेखकाला तिसरे मत अधिक पटते. पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधले अंतर शंभर भागांचे मानले, तर अशिक्षित गळा एखाद्या स्वरावर उतरताना सहज वीस-तीस भाग इकडे-तिकडे सरकतो. अर्धस्वराच्या अंतरावर दोन गायक विरुद्ध दिशांना एवढे सरकले की दोन स्वरांची ओळखच पुसट होते. दोनशे किंवा तीनशे भागांच्या अंतरात तेवढी चूक पचते. आरतीला जमलेल्या पन्नास माणसांत प्रत्येकाचा सूर वेगळा असतो, तरी चाल कुठे चालली आहे ते कळते. पंचस्वरी चाल ‘नैसर्गिक’ वाटते याचा मोठा भाग ती चुकणे कठीण आहे, हा असावा. जावातील गामेलानचा स्लेंद्रो हा संच याला पूरक आहे. त्यात सप्तकाचे पाच जवळजवळ सारखे भाग असतात, प्रत्येक सुमारे २४० भागांचा, आणि दोन वाद्यसंचांची जुळणी सहसा एकसारखी नसते. षड्ज-पंचम साखळीने तो संच निघत नाही, पण स्वर मात्र एकमेकांपासून पुरेसे दूर राहतात.

जपान मात्र या मताला अडवते. कोतो या तंतुवाद्याच्या हिराजोशी जुळणीत पाचच स्वर, पण त्यांत दोन ठिकाणी अर्धस्वर आहेत. शहरी गीतांतला मियाकोबुशी हा संच सा, कोमल रे, म, प, कोमल ध असा, म्हणजे आपल्या गुणक्रीचा. इथिओपियातही अर्धस्वर असलेले पंचस्वरी संच आहेत. तेव्हा पाच हा आकडा आणि सहजपणा यांचा संबंध सरळ नाही.

प्रसाराबद्दल सर्वांत पद्धतशीर काम हंगेरीत झाले. संगीतकार बार्टोकला १९०७ साली ट्रान्सिल्व्हेनियात जुन्या वळणाच्या पंचस्वरी चाली मिळाल्या. त्यांत पहिल्या अर्ध्या भागाची चाल दुसऱ्या अर्ध्या भागात सा-प एवढ्या अंतराने खाली उतरून पुन्हा येते. त्याचा सहकारी कोदाय याने त्यांची तुलना व्होल्गाकाठच्या मारी लोकांच्या गाण्यांशी केली. समान उगम की स्वतंत्र वाढ, यावर वाद आहे. वळणाचे साम्य तरी निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. स्कॉटलंडची ‘ऑल्ड लँग साइन’ ही चाल आज गातात तशी मंद्र पंचमापासून प सा सा सा ग, रे सा रे ग, सा सा ग प, ध अशी जाते. तिला भूप म्हणायला आपल्याकडचा विद्यार्थी क्षणभरही थांबणार नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी ती बंगालीत घेतली तेव्हा तिला परकेपणा उरला नाही. दक्षिण जर्मनीतील होले फेल्स गुहेत २००८ साली सापडलेल्या गिधाडाच्या हाडाच्या बासरीला (वय पस्तीस हजार वर्षांहून अधिक) पाच भोके आहेत, म्हणून आदिमानव भूप वाजवत होता असे सांगणारे भेटतात. भोके पाच म्हणजे स्वर पाच नव्हे; फुंकीचा जोर आणि ओठांचा कोन बदलला की त्याच भोकातून वेगळा स्वर निघतो.

लोकचाल पंचस्वरी आहे की नाही हे ठरवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे लागलेले स्वर मोजणे. रुमानियाचा लोकसंगीत-अभ्यासक ब्रेलोइयू याने यासाठी चिनी संगीतातला ‘प्येन’ हा शब्द उचलला: मोठ्या अंतरात जाता-येता लागणारा, पण जागा नसलेला स्वर. पेटीवर हे तपासता येते. चाल काळी तीनमध्ये बसवावी. गंधार आणि पंचम यांच्यामध्ये पांढरी सात (मध्यम) आणि धैवत व तारषड्ज यांच्यामध्ये पांढरी चार (निषाद) एवढ्या दोनच पट्ट्यांवर लक्ष ठेवावे. त्या कधी लागतात, किती वेळ टिकतात, समेवर किंवा ओळीच्या शेवटी येतात का, हे पाहावे. फक्त घसरताना येत असतील तर चालीचा सांगाडा पाच स्वरांचाच. त्यांपैकी एकावर चाल थांबत असेल, तर तो स्वर तिचा हक्काचा आहे.

ठाणे आणि नवी मुंबईतील आगरी-कोळी गाण्यांना ही कसोटी लावली, तर ‘कोळीगीत म्हणजे भूप’ हा लोकप्रिय समज टिकत नाही. हळदीत बेंजोवर वाजणाऱ्या नव्या चालींत मध्यम आणि निषाद ठाण मांडून बसलेले असतात. लग्नात धवळारीण म्हणते त्या धवळ्यांपैकी अनेकांची चाल तर पाचपर्यंतही पोचत नाही. सा, रे, ग यांच्या आसपास फिरून ती पुन्हा षड्जावर येते आणि ओळ संपली की तीच चाल पुढच्या ओळीला लागते. मतंगाच्या हिशेबात ती शबर-पुलिंदांच्या बाजूला पडली असती.