दुखापतीच्या जोखमीचे पूर्वानुमान (रँडम फॉरेस्ट)

खेळाडूचा सरावाचा ताण, वय आणि आधीच्या दुखापती यांवरून पुढच्या आठवड्यात त्याला दुखापत होण्याची शक्यता किती, हे काढण्याची पद्धत. सरावाचा ताण बहुधा सत्राची मिनिटे आणि खेळाडूने स्वतः ० ते १० मध्ये सांगितलेला थकवा यांच्या गुणाकाराने मोजतात: ९० मिनिटे आणि थकवा ६, तर ताण ५४०. नोंदीचे एकक 'खेळाडू-आठवडा' असते, म्हणजे एका खेळाडूचा एक आठवडा.

लिओ ब्राइमन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या रँडम फॉरेस्टमध्ये शेकडो निर्णयवृक्ष असतात; निर्णयवृक्ष म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत, प्रत्येक उत्तरागणिक फाटा फुटत निर्णयापर्यंत नेणारी रचना. प्रत्येक वृक्षाला नोंदींचा वेगळा यादृच्छिक नमुना मिळतो आणि प्रत्येक फाट्यावर मोजक्याच रकान्यांतून निवड करावी लागते. शेवटी सर्वांचा कौल एकत्र करतात. 'ताण अचानक वाढला, पण मांडीचा स्नायू पूर्वी दुखावलेला असेल तरच धोका' अशा जोडसंबंधांसाठी ही पद्धत सोयीची आहे, कारण ते सूत्रात आधी लिहून द्यावे लागत नाहीत.

घोटाळा होतो तो निकाल मोजताना. समजा, १,००० खेळाडू-आठवड्यांत ४० दुखापती झाल्या. प्रत्येक वेळी डोळे झाकून 'दुखापत होणार नाही' म्हणणाऱ्याची अचूकता ९६ टक्के भरते, पण तो एकही दुखापत ओळखत नाही. आता एक फॉरेस्ट ९० आठवड्यांना धोक्याचे ठरवते आणि त्यांत २४ खऱ्या दुखापती निघतात. ६६ इशारे खोटे ठरले, १६ दुखापती निसटल्या. अचूकता ९१.८ टक्के, म्हणजे काहीच न करणाऱ्यापेक्षा कमी! तरीही ४० पैकी २४ दुखापती, म्हणजे ६० टक्के, आधी कळल्या. इशारा मिळालेल्या आठवड्यांत दुखापतीचे प्रमाण सुमारे २७ टक्के आहे, एरवी सरसकट ४ टक्के. प्रशिक्षकाच्या कामाचे आकडे हे दोन आहेत.

दुखापती विरळ असल्याने निम्म्याहून अधिक वृक्षांनी 'होणार' म्हणण्याची वेळ क्वचितच येते. म्हणून इशाऱ्याचा उंबरठा ०.५ वरून खाली आणतात. किती खाली, हे गणित सांगत नाही. खोट्या इशाऱ्यामुळे खेळाडूचा सराव विनाकारण हलका होतो, निसटलेल्या दुखापतीमुळे तो कित्येक आठवडे बाहेर बसतो; या दोन्हींची किंमत संघाने ठरवायची असते.

आकडे फुगण्याची आणखी एक वाट आहे. नोंदी सरसकट पिसून विभागल्या, तर एकाच खेळाडूचे आठवडे शिकवणीतही येतात आणि चाचणीतही. मग मॉडेल धोका न शिकता वयावरून माणूसच ओळखू लागते. त्यावर खेळाडूनिहाय विभागणी (`GroupKFold`) करतात, किंवा आधीच्या हंगामावर शिकवून पुढच्यावर तपासतात. 'आधीच्या दुखापती' या रकान्यात तर हमखास चूक सापडते: हंगामाअखेरची बेरीज तिथे भरली, की जिचे भाकीत करायचे ती दुखापतही त्यात मोजली जाते. तो आकडा त्या आठवड्याच्या सुरुवातीपर्यंतचाच हवा.