माल परतीची पूर्वमंजुरी

किरकोळ दुकानदाराने घेतलेला माल पुरवठादाराकडे परत पाठवण्यापूर्वी त्याची लेखी संमती मिळवण्याची व्यापारी पद्धत. संमतीसोबत मिळणाऱ्या क्रमांकाला व्यवहारात ‘आरएमए नंबर’ म्हणतात.

या पद्धतीचे मूळ कायद्यात की गोदामाच्या हिशेबात, याविषयी मतभेद संभवतो. भारतीय माल विक्री अधिनियम, १९३० मध्ये अशा मंजुरीचा उल्लेख नाही. उलट कलम ४३ नुसार, नाकारण्याचा हक्क असलेला माल खरेदीदाराने स्वतः परत नेऊन देण्याची गरज नसते. नकार कळवला की पुरेसे होते. मात्र ‘वेगळा करार नसेल तर’ ही अट त्याच कलमात आहे. बिलामागे किंवा डीलर करारात छापलेली पूर्वमंजुरीची अट या फटीतून येते, त्यामुळे ती कराराची बाब मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कलम ४२ प्रमाणे वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे धरले जाते. म्हणून मंजुरीला उशीर लागला तरी तक्रार वेळेत आणि लेखी गेलेली असणे दुकानदाराच्या हिताचे असते.

उदाहरणार्थ, नाशिकच्या दुकानदाराने पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून २४ मिक्सर घेतले आणि त्यांतल्या ३ मिक्सरची भांडी तडकलेली निघाली. तो बिल क्रमांक, तिन्ही यंत्रांचे सिरियल नंबर, दोषाचे कारण आणि फोटो पाठवतो. व्यापारी ते सिरियल नंबर आपल्याच बिलातले आहेत का आणि परतीची मुदत उलटली आहे का, हे पाहून क्रमांक देतो. वाहतूक खर्च कोणाचा, हेही तेव्हाच ठरते. क्रमांक खोक्यावर बाहेरून ठळक लिहितात, कारण माल उतरवून घेणाऱ्याला आतला कागद दिसत नाही.

तपासणीनंतर क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम बाकीतून वजा केल्याचा व्यापाऱ्याचा कागद, निघते. प्रत्येकी २,००० रुपये किंमत आणि १८ टक्के जीएसटी धरल्यास ती ७,०८० रुपयांची होते. दुकानदाराने या खरेदीवरील कराची आपल्या देय करातून घेतलेली १,०८० रुपयांची वजावट, म्हणजे क्रेडिट, त्याला उलटवावी लागते. केंद्रीय जीएसटी अधिनियमाच्या कलम ३४ नुसार व्यापाऱ्याला आपला कर कमी करून मिळण्यासाठी ही नोट, पुरवठ्याचे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंत विवरणपत्रात दाखवावी लागते.

क्रमांकाविना पाठवलेले खोके बहुधा गोदामाच्या दारातूनच परत फिरते किंवा ओळख न पटलेल्या मालात पडून राहते. जाण्या-येण्याचे भाडे दुकानदाराच्या माथी बसते. माल त्याच्या हाती नसतो आणि बिलाची बाकी मात्र पूर्ण उभी राहते. मंजुरी मिळाली म्हणजे पैसे मिळालेच असेही नाही, कारण तपासणीत वापरलेली वा बदललेली वस्तू आढळल्यास दावा नाकारला जातो.

स्वतःच्या वापरासाठी खरेदी करणाऱ्या ग्राहकाची स्थिती वेगळी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष वस्तू बिलातील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा दुकानदार मात्र या कायद्याच्या व्याख्येतील ग्राहक नाही.